रेकॉर्डेड कोर्स की लाइव्ह बॅच? कॅमेरा लावण्याआधी मागणी कशी तपासायची

कोर्स काढायचं मनात आलं की बहुतेक जण आधी माइक, रिंगलाइट आणि ट्रायपॉड मागवतात. मग दोन-तीन महिने रेकॉर्डिंग आणि एडिटिंगमध्ये जातात. तोवर एकाही अनोळखी माणसाने एक रुपया दिलेला नसतो. लिंक ग्रुपवर पडते, खाली अभिनंदनाचे मेसेज येतात, आणि विकत घेणारे मोजके निघतात, त्यातलेही अर्धे नात्यातले. शिकवणारा चांगला असतो, विषयही चांगला असतो, तरी असं होतं. कारण लोकांना नक्की काय हवं आहे हे विचारायची वेळ रेकॉर्डिंग संपल्यावर येते, आणि तोवर बदलणं महाग झालेलं असतं.

मी सांगतो तो क्रम उलटा आहे. आधी छोटी लाइव्ह बॅच विका, ती शिकवा, आणि त्या बॅचमध्ये जे पुन:पुन्हा सांगावं लागलं तेवढंच नंतर रेकॉर्ड करा. हे नीट कळावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. तालुक्याच्या गावी शिवणक्लास चालवणाऱ्या एक बाई आहेत असं धरू. त्यांच्या फोनमध्ये जुन्या विद्यार्थिनी आणि गिऱ्हाइकं मिळून चारेकशे नंबर आहेत, आणि त्यांना ब्लाउज शिकवणारा ऑनलाइन कोर्स काढायचा आहे. डोक्यात बेत आहे ‘संपूर्ण ब्लाउज कोर्स, 40 व्हिडिओ’. पुढचे किमतीचे आणि संख्येचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या विषयाचे तुम्ही घाला.

## दोन्हींत विकलं काय जातं

रेकॉर्डेड कोर्समध्ये गिऱ्हाईक घेतं ती नीट लावलेली माहिती, हवी तेव्हा पाहता येणारी. लाइव्ह बॅचमध्ये ते घेतं तारीख, सोबत आणि मुख्य म्हणजे स्वत:च्या कामावर पडलेली जाणकाराची नजर. हा फरक लक्षात घेतला नाही तर किंमत, जाहिरात आणि अभ्यासक्रम तिन्ही चुकतात.

ब्लाउजचंच पाहा. ड्राफ्टिंग कसं काढायचं याचे मराठी-हिंदी व्हिडिओ यूट्यूबवर फुकट, हवे तेवढे आहेत. छातीचा चौथा भाग, मुंढ्याची म्हणजे बाही जोडतात त्या भागाची खोली, टक्सची म्हणजे आकारासाठी घालायच्या चुण्यांची जागा, सगळं कोणी ना कोणी दाखवलेलं आहे. तरी बाईंकडे येणारी मुलगी म्हणते, “मॅडम, व्हिडिओ बघून तसंच कापलं, पण मुंढ्यात झोळ येतो.” तिला आणखी एक व्हिडिओ नको आहे. तिने शिवलेला ब्लाउज अंगावर घातल्यावर कुणीतरी पाहून सांगायला हवं, की छाती भरलेली आहे, मुंढ्याकडच्या टक्समध्ये जास्त घ्यायला हवं होतं. रेकॉर्डेड व्हिडिओला तिचा ब्लाउज दिसत नाही.

दुसरी बाब पूर्ण करण्याची. एमआयटी आणि हार्वर्डने एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावर चालवलेल्या खुल्या कोर्सेसचा 2012 ते 2018 या काळाचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांतही हे प्रमाण 46 टक्केच होतं. म्हणजे पैसे भरणारे बरेच जास्त टिकतात, पण एकट्याने व्हिडिओ पाहताना तेही निम्म्याहून जास्त गळतात. जी कोर्स पूर्ण करत नाही तिचा ब्लाउज अंगावर बसत नाही, आणि ती दुसऱ्या बाईला तुमचं नाव सांगत नाही. रेकॉर्डेड कोर्सच्या मोठ्या बाजारांपैकी एक म्हणजे 2010 मध्ये सुरू झालेलं यूडेमी. त्याच्या संस्थापकांपैकी एकाने पुढे 2020 मध्ये मेव्हन हे लाइव्ह बॅचसाठीचं व्यासपीठ उभारण्यात भाग घेतला, हे यासंदर्भात लक्षात ठेवण्याजोगं आहे.

रेकॉर्डेडची बाजू कमजोर आहे असं मात्र नाही. ज्या गोष्टीचं उत्तर सगळ्यांना सारखंच असतं, जी वारंवार उघडून पाहावी लागते, किंवा जिथे शिकणाऱ्यांच्या वेळा जुळणंच अशक्य असतं, तिथे रेकॉर्डेडच बरं. रात्रपाळी करणारे किंवा परदेशातले मराठी लोक हे तुमचे मुख्य विद्यार्थी असतील तर इथली रात्री नऊची वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळची, भर ऑफिसची पडते. पण यातलं कुठलं लागू आहे हेही लोकांशी बोलल्यावरच कळतं.

## पहिली पायरी: काय जमेल ते एका वाक्यात लिहा

‘संपूर्ण ब्लाउज कोर्स’ हे वचन नाही, विषयाचं नाव आहे. त्याची मागणी तपासताच येत नाही, कारण प्रत्येकजण त्यात आपापलं काहीतरी पाहतो. वाक्य असं हवं: कुणाला, किती दिवसांत, काय करता येईल, आणि ते जमलं हे कशावरून दिसेल.

बाईंसाठी ते असं होतं: “ज्यांना मशीन चालवता येते आणि साधा ब्लाउज शिवता येतो, त्यांना सहा आठवड्यांत कोणाच्याही मापाचा फोर टक्स ब्लाउज अंगावर झोळ न येता बसवता येईल. शेवटी प्रत्येकीने घरातल्या दोन वेगळ्या मापांच्या बायकांना ब्लाउज शिवून दिलेला असेल.” या वाक्याने नवशिक्या बाहेर गेल्या, डिझायनर गळे बाहेर गेले, कटोरी आणि प्रिन्सेस कट पुढच्या वेळेला गेले. पुष्कळ शिक्षकांना इथे जड जातं. येतं ते सगळं द्यावंसं वाटतं. पण वाक्य अरुंद झाल्याशिवाय नकार कशाला मिळाला हेच कळत नाही.

## दुसरी पायरी: दहा-बारा जणींशी बोला, पण कोर्सबद्दल नको

“मी असा कोर्स काढला तर घ्याल का?” हा प्रश्न विचारूच नका. आपल्याकडे समोरच्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. उत्तर “हो, नक्की काढा” असंच येणार आणि त्याचा उपयोग शून्य. विचारायचं ते घडून गेलेल्या गोष्टींबद्दल. शेवटचा कुठला ब्लाउज बिघडला? काय बिघडलं? मग काय केलं? नीट करून घ्यायला कुणाकडे गेलात, किती पैसे गेले? याआधी शिकण्यासाठी पैसे कुठे भरलेत का, आणि ते पूर्ण झालं का?

बोलणं साधारण असं होतं.

“ताई, शेवटचा त्रास कुठल्या ब्लाउजला झाला?”

“जावेचा. बेचाळीसची छाती. मागून बरा बसला, पुढे मुंढ्यात पिशवीसारखं झालं.”

“मग?”

“उसवला, पुन्हा घातला, तरी तेच. शेवटी बाजारातल्या टेलरकडून करून घेतला. तेव्हापासून मोठ्या मापाची ऑर्डर घेतच नाही. नाही म्हणून सांगते.”

हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. ही बाई दर महिन्याला पैसे सोडते आहे, आणि तिला ते ठाऊक आहे. अशी बाई फी भरते. उलट जी म्हणते, “मला ना, शिवणाची खूप आवड आहे, कधीतरी शिकायचंय,” तिने गेल्या वर्षभरात त्यासाठी काहीच केलेलं नसेल तर पुढच्या महिन्यात करील असं धरू नका.

ऐकताना त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा. ‘मुंढ्यात पिशवी होते’, ‘मोठ्या मापाला नाही म्हणते’. जाहिरातीत पुढे हेच शब्द लागतात. ‘परफेक्ट फिटिंग मास्टरक्लास’ पाहून तिला आपला त्रास आठवत नाही, ‘मोठ्या मापाच्या ऑर्डरला नाही म्हणावं लागतं का?’ वाचून लगेच आठवतो.

दहा-बारा जणींनंतर तीच तक्रार फिरून यायला लागली की थांबायला हरकत नाही. प्रत्येकीची तक्रार वेगळीच निघत असेल, तर तुम्ही एका कोर्सचं गिऱ्हाईक शोधलेलं नाही, पहिल्या पायरीवर परत जा. कधीकधी निराळंच उघड होतं: त्यांना शिकायचंच नसतं, कुणी नीट कापून दिलं तर हवं असतं. तेही कळलेलं चांगलं. मग मापावर कापून देण्याचं काम विका, कोर्स नको.

## तिसरी पायरी: एकच दुखणं, दीड तास, थोडे पैसे

आता दीड तासाचं एक लाइव्ह सत्र ठेवा, एकाच दुखण्यावर: ‘मुंढ्यातला झोळ: का येतो, शिवलेल्या ब्लाउजमध्ये कसा काढायचा’. फी 199 रुपये. फुकट ठेवू नका. फुकटात नाव नोंदवायला काही लागत नाही, म्हणून त्या यादीवरून काही ठरवता येत नाही. रक्कम लहान असली तरी फोन हातात घेऊन यूपीआयचा पिन टाकणं ही कृती ‘इंटरेस्टेड’ लिहिण्याहून फार वेगळी आहे.

तयारी अगदी साधी ठेवा. झूमच्या मोफत प्लॅनमध्ये मीटिंग 40 मिनिटांत तुटते आणि गूगल मीटवर तिघांहून जास्त असतील तर 60 मिनिटांत, त्यामुळे दीड तासासाठी महिन्याभराचा सशुल्क प्लॅन घ्यावा लागतो. एवढाच खर्च. फोन वरून खाली टेबलाकडे तोंड करून बसवा म्हणजे हात आणि कापड दिसेल, आणि आवाजाची चाचणी मैत्रिणीला जोडून आदल्या दिवशी करा. मशीनचा आवाज माइकमध्ये फार येतो, शिवत असताना बोलायचं टाळा.

मेसेज पाठवताना एक अडचण येते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलेला आहे त्यांनाच पोचतो, आणि एका यादीत 256 नंबरच बसतात. चारशे नंबर असले तरी दोन याद्या करूनही मेसेज सगळ्यांपर्यंत जातोच असं नाही. किती जणांपर्यंत खरंच पोचला हे मेसेजच्या ‘इन्फो’मध्ये दिसतं. तो आकडा लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे. न पोचलेला मेसेज म्हणजे नकार नव्हे.

या सत्रातून तीन गोष्टी कळतात: किती जणींनी पैसे भरले, भरलेल्यांपैकी किती वेळेवर आल्या, आणि प्रश्न कसले आले. तिसरी सर्वांत मोलाची. शेवटची वीस मिनिटं प्रश्नांना ठेवा आणि मदतीला कुणीतरी बसवून प्रत्येक प्रश्न लिहून घ्या.

## चौथी पायरी: बॅच आधी विका, मग बांधा

सत्र संपल्यावर दोन-तीन दिवसांत सहा आठवड्यांच्या बॅचची जागा विकायला काढा. अजून एकही धडा तयार नाही, हे लपवायचं नाही. पैसे कशाचे, कधी सुरू होणार, किती जणी झाल्या तरच होणार आणि नाही झालं तर पैसे कधी परत, हे मेसेजमध्येच स्पष्ट असायला हवं. असा:

“मोठ्या मापाच्या ब्लाउजला नाही म्हणावं लागतं? सहा आठवडे, दर शनिवारी दुपारी 3 ते 4.30, फोर टक्स ब्लाउज कोणत्याही मापाला बसवायला शिकू. दर आठवड्याला तुम्ही शिवलेल्या ब्लाउजचे फोटो मी स्वत: तपासून दुरुस्ती सांगेन. ही पहिली बॅच आहे, त्यामुळे 12 जागाच. फी 2,400 रुपये. 20 तारखेपर्यंत किमान 8 जणी झाल्या तर बॅच होईल. नाहीतर 22 तारखेच्या आत प्रत्येकीचे पूर्ण पैसे परत. मशीन चालवता येणं आणि साधा ब्लाउज शिवलेला असणं गरजेचं.”

आठ ही संख्या मेसेज पाठवण्याआधी ठरवून कागदावर लिहायची. नंतर ठरवली की मन पाच जणींवरही ‘चालेल की’ म्हणतं. ती काढायची कशी? तुमच्या वेळेची किमान किंमत धरून, ज्याखाली हे काम तुम्ही दुसऱ्यांदा करणार नाही ती रेषा. आणि मोजताना बहीण, मैत्रीण, ‘तुझ्यासाठी घेते गं’ म्हणणारी शेजारीण या धरायच्या नाहीत. त्यांना बॅचमध्ये घ्या, संख्येत घेऊ नका.

तारीख येईपर्यंत जमा झालेल्या पैशाला हात लावू नका. परत करायची वेळ आली आणि पैसे कॅमेऱ्यात गेलेले असले, तर गावात नाव जातं. पेमेंट गेटवेमधून पैसे घेतले असतील तर साधारण 2 टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी कापला जातो, आणि पैसे परत केले तरी ते शुल्क बहुधा परत मिळत नाही. म्हणून पहिल्या बॅचला थेट यूपीआयने घेतलेलं सोपं पडतं. पावती म्हणून नाव, रक्कम आणि परताव्याची तारीख असलेला मेसेज प्रत्येकीला पाठवा. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत महाराष्ट्रात साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. त्यापुढे गेलात की अशा खासगी कोर्सवर 18 टक्के लागतो, आणि तेव्हा सीएला विचारूनच पुढे जा.

सवलत देऊन जागा भरायचा मोह टाळा. ‘आज रात्रीपर्यंत 999’ केल्यावर बारा जागा भरल्या, तर 999 ला मागणी आहे एवढंच कळलं. 2,400 ला आहे का, हा प्रश्न तसाच राहिला, आणि पुढच्या बॅचला त्याच 999 ची वाट पाहिली जाईल.

## नाही म्हणाले, पण कशाला?

जागा भरल्या नाहीत तर ‘आमच्या भागात लोक पैसे भरत नाहीत’ असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण कुठे गळती झाली ते पाहिलं तर कारण बहुधा सापडतं.

मेसेज तीनशे जणींना पोचला आणि कुणी विचारलंच नाही, तर वाक्य चुकलं आहे. त्रास तो नाही, किंवा शब्द त्यांचे नाहीत. इथे किंमत कमी करून काही होत नाही, कारण किमतीपर्यंत कुणी आलेलंच नाही.

वीस-पंचवीस जणींनी विचारलं, फी ऐकून गप्प झाल्या, तर पुन्हा फोन करायचा. विकण्यासाठी नव्हे, कारण समजण्यासाठी. “यावेळी नाही जमलं, काही हरकत नाही. कशामुळे थांबलात तेवढं सांगाल?” इथे खरी कारणं निघतात. ‘शनिवारी दुपारी गिऱ्हाइकं येतात’, ‘एकदम 2,400 घरात मागता येत नाहीत’, ‘लग्नसराई आहे, एक मिनिट वेळ नाही’. यातलं पहिलं वेळ बदलून सुटतं, दुसरं दोन हप्त्यांनी. तिसरं महत्त्वाचं आहे. शिवणकामवालीला लग्नसराईत आणि दिवाळीआधी शिकायला फुरसत नसते, पण हीच तिची कमाईची वेळ असल्यामुळे त्याच्या दीड-दोन महिने आधी शिकायची सर्वांत जास्त निकड असते. मागणी होती, महिना चुकला होता.

199 वाल्या सत्राला गर्दी झाली आणि 2,400 च्या बॅचला कुणी आलं नाही, असंही होतं. याचा अर्थ बहुतेकींचं काम त्या दीड तासातच झालं. मग मोठा कोर्स रेटू नका. दर महिन्याला एका दुखण्यावर एक सत्र हा त्यांच्यासाठी योग्य माल आहे. आज मुंढा, पुढच्या महिन्यात बाहीची घडी, मग गळा उचलणं.

दोनदा वाक्य बदलून, वेळ बदलूनही जागा भरल्या नाहीत तर हा कोर्स काढू नये. महिना-दीड महिना आणि थोडे फोन एवढाच खर्च झालेला असतो.

## बॅच चालवताना ठेवायची वही

आठ-दहा जणी आल्या, बॅच सुरू झाली. आता प्रत्येक धडा त्याच्या आधीच्या आठवड्यात तयार करा, सहाही एकदम नको. पहिल्या शनिवारी काय अडलं त्यावर दुसरा शनिवार ठरतो.

फोटो मागवण्याची रीत पहिल्याच दिवशी घालून द्या, कारण सगळी बॅच त्यावर उभी आहे. ब्लाउज घालून चार फोटो: समोरून, बाजूने, मागून, हात खाली सोडलेले, आणि चौथा हात वर उचलून. उजेड समोरून, फोन छातीच्या उंचीला. वरून काढलेल्या फोटोत खांदा उतरलेला दिसतो आणि दुरुस्ती चुकीची सांगितली जाते. तोंड फोटोत नको, आणि फोटो ग्रुपवर न टाकता बाईंच्या नंबरवरच. हा संकोचाचा विषय आहे. तो नीट सांभाळला नाही तर चांगल्या विद्यार्थिनी गप्प होतात आणि का गप्प झाल्या हे कधीच सांगत नाहीत.

वहीच्या प्रत्येक पानाचे दोन भाग करा. डावीकडे असे प्रश्न ज्यांचं उत्तर सगळ्यांना एकच आहे: टेप कुठून कुठे धरायचा, मुंढ्याची खोली कशी काढायची, अस्तर आधी पाण्यातून का काढायचं, माया किती सोडायची. उजवीकडे असे प्रश्न ज्यांचं उत्तर तिचा फोटो पाहिल्याशिवाय देता येत नाही: बगलेकडे तिरका ताण का येतोय, एक खांदा का सरकतोय, हुक लावल्यावर मध्ये फट का पडते. प्रश्न पुन्हा आला की नवी ओळ न लिहिता त्याच ओळीपुढे एक रेघ मारा.

सहा आठवड्यांनी ही वहीच अभ्यासक्रम असते. डाव्या बाजूला ज्यापुढे भरपूर रेघा आहेत ते रेकॉर्ड करायचं. ज्यापुढे एकच रेघ आहे ते त्या एकीला सांगून झालं, त्याचा व्हिडिओ नको. उजवी बाजू लाइव्हच राहते. आधी ठरवलेल्या 40 व्हिडिओंपैकी या यादीत मोजकेच टिकतात, आणि काही असे येतात जे मुळात सुचलेच नव्हते. माप घेणं हा त्यांतला एक. शिकवणारीला ते इतकं सरावाचं झालेलं असतं की त्यावर दोन मिनिटं देऊन पुढे जायचा बेत असतो, आणि पुढच्या निम्म्या चुका तिथूनच निघतात.

## पैशाचा हिशेब

दहा जणी धरू. 24,000 रुपये आले, मीटिंगचा प्लॅन आणि किरकोळ खर्च वजा जाता हातात 22,000 च्या आसपास. वेळ: सहा सत्रं दीड तासाची म्हणजे 9 तास, तयारीला तेवढेच 9. फोटो तपासायला प्रत्येकीला आठवड्याला दहा मिनिटं, म्हणजे सहा आठवड्यांत 10 तास. फोन, मेसेज, पैशांचा पाठपुरावा यांत 7. एकूण 35 तास, तासाला सव्वासहाशेच्या जवळपास. वीस जणी घेतल्या तर पैसे दुप्पट होतात, पण फोटोंचे तासही दुप्पट होतात, आणि दीड तासात प्रत्येकीला बोलायला मिळत नाही. पहिल्यांदा बारापुढे जाऊ नये हे माझं ठाम मत आहे.

आता रेकॉर्डेड. चार तासांचा तयार कोर्स 799 ला विकला तर शुल्क वजा जाता एकामागे 780 सुटतात. तेच 22,000 उभे करायला 29 विक्र्या लागतात. शंभर जणींनी नीट पाहिल्यावर दोघी घेतात असं धरलं तर जवळपास दीड हजार जणींपर्यंत पोचावं लागेल. बाईंकडे नंबर चारशे. म्हणजे आठ विक्र्या, सव्वासहा हजार रुपये, आणि रेकॉर्डिंग-एडिटिंगचे तास आधीच गेलेले.

रेकॉर्डेड कोर्सला दर महिन्याला नव्या, अनोळखी माणसांचा ओघ लागतो. तो ज्यांच्याकडे आहे, म्हणजे चालतं यूट्यूब चॅनेल किंवा जाहिरातीचं बजेट, त्यांना दुसऱ्या वर्षी रेकॉर्डेडच जास्त देईल, कारण विसाव्या विक्रीला आणि दोनशेव्या विक्रीला कष्ट जवळपास सारखेच. ज्यांच्याकडे ओळखीची थोडी माणसं आहेत त्यांनी त्याच माणसांना जास्त किमतीचं, जास्त लक्ष देऊन काम विकलेलं बरं.

## मग रेकॉर्ड काय आणि कसं

लाइव्ह सत्रांची रेकॉर्डिंगच कापून कोर्स म्हणून विकावी असं पुष्कळांना वाटतं. तसं करू नका. त्यात इतर जणींचे आवाज, चेहरे, घरं असतात आणि त्यांनी त्यासाठी संमती दिलेली नसते. शिवाय पाहणाऱ्याला दहा मिनिटांच्या कामासाठी दुसऱ्यांच्या नेटवर्कची वाट पाहावी लागते. बॅचमधल्यांना सत्र चुकलं तर पाहायला द्या, तेवढ्यापुरतं ठीक.

वहीतली डावी बाजू नव्याने रेकॉर्ड करा, एका प्रश्नाला एक व्हिडिओ, पाच ते दहा मिनिटांचा. फोनचा कॅमेरा पुरतो. आवाजासाठी कॉलर माइक घ्या, कारण चित्र थोडं मंद चालतं, ऐकू न आलेलं चालत नाही. कापडावर खडूची रेघ दिसायला हवी, म्हणून गडद कापड आणि पांढरा खडू, किंवा ब्राउन पेपरवर जाड मार्कर. व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवले तर लिंक असलेल्या कुणालाही दिसतात. सुरुवातीला तेवढ्याने भागतं, कारण तुमची खरी विक्री तपासणीची आहे.

दुसऱ्या बॅचला हे व्हिडिओ आधीच द्या. शनिवारी येण्याआधी पाहून या, म्हणजे दीड तासातली निम्मी वेळ ड्राफ्टिंग पुन्हा सांगण्यात जात नाही, सगळी अंगावरच्या ब्लाउजवर जाते. तयारीचे 9 तास 3 वर येतात, तासाची मिळकत वाढते, आणि व्हिडिओ कुठे समजत नाहीत हे त्या बॅचमध्ये दिसतं. ते दुरुस्त करा.

फक्त व्हिडिओ वेगळे विकायचे असतील तर त्यांचीही मागणी तशीच तपासा. ज्या जणींनी वेळ जुळत नाही म्हणून बॅचला नकार दिला त्यांची यादी तुमच्याकडे आहे. त्यांनाच विचारा: तपासणीशिवाय, नुसते व्हिडिओ, 799 ला, अमुक तारखेला मिळतील, आज पैसे भरायचे, नाही आवडले तर सात दिवसांत परत. पंचवीस जणींच्या यादीतून पाच-सहा जणींनी भरले तर ते वेगळे विकायला काढा. एक-दोघींनीच भरले तर त्यांचे पैसे परत करा, व्हिडिओ बॅचसोबतच राहू द्या, आणि पुढची बॅच लग्नसराईच्या दोन महिने आधी लावा.